बेरीज तेरा, अंक पाच

१. लिहून न काढता मोजायचं कसं?

पाच अंकी संख्या घ्या. तिच्यात शून्य कुठेच नको आणि तिच्या अंकांची बेरीज १३ हवी. अशा संख्या एकूण किती?

कागद घेऊन बसलं तर सुरुवात सोपी वाटते. १११११ ची बेरीज पाचच होते, म्हणून शेवटचा अंक वाढवत न्यायचा: १११११ वरून ११११२, असं करत ११११९. मग १११२८, १११३७, १११४६. अर्धं पान भरतं आणि शंका येऊ लागते. १२११८ लिहिली होती का? २१११८ राहिली की काय? असं कोडं सोडवायला बसलेला प्रत्येक जण इथे येऊन एकच विचारतो: या सगळ्या लिहून काढल्याशिवाय मोजता येतील का, आणि एकही सुटली नाही याची खात्री कशी पटायची?

हे कोडं भास्कराचार्यांचं आहे. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’च्या शेवटच्या भागात, ‘अंकपाश’ या प्रकरणात, ते उदाहरण म्हणून विचारलेलं आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापला होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्याची नोंद आहे आणि तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. लीलावतीत या कोड्याच्या आधी ते सोडवण्याची कृतीही दिली आहे, आणि त्या कृतीला एक अटही जोडली आहे. कृती तर सुंदर आहेच, पण ती अट मला अधिक मोलाची वाटते. तिच्यापर्यंत पोचायला थोडी पूर्वतयारी लागेल.

२. लाडू आणि काड्या

पाच अंकांना अ, ब, क, ड, इ अशी नावं देऊ. मग प्रश्न असा होतो:

अ + ब + क + ड + इ = १३

प्रत्येक अक्षराच्या जागी पूर्णांक घालायचा आहे. असे पाच पूर्णांक ठरले की समीकरणाची एक ‘उकल’ मिळाली. आपल्याला उकली शोधायच्या नाहीत, त्या किती आहेत एवढंच सांगायचं आहे.

१३ हे तेरा लाडू समजा आणि अ, ब, क, ड, इ ही पाच मुलं. लाडू सगळे एकसारखे आहेत, त्यामुळे कुणाला कोणता लाडू मिळाला याला महत्त्व नाही, किती मिळाले एवढंच पाहायचं. मुलं मात्र वेगवेगळी आहेत. अ ला ३ आणि ब ला १ हे एक वाटप, अ ला १ आणि ब ला ३ हे दुसरं. संख्यांच्या बाबतीतही असंच असतं: ३१ आणि १३ या दोन निराळ्या संख्या.

आधी छोटं उदाहरण करू. पाच लाडू, तीन मुलं, आणि एखाद्याला एकही लाडू मिळाला नाही तरी चालेल. लाडू एका ओळीत मांडा आणि दोन काड्या घ्या. पहिल्या काडीच्या डावीकडचे लाडू अ चे, दोन काड्यांमधले ब चे, उरलेले क चे.

● ● | ● | ● ●

हे झालं २, १, २. काड्या एकमेकींना लागूनही ठेवता येतात:

● ● ● ● ● | |

इथे अ ला पाचही मिळाले, ब आणि क रिकाम्या हाताने राहिले. कोणतंही वाटप सांगा, त्याचं एक आणि एकच चित्र निघतं. कोणतंही चित्र काढा, त्यातून एक आणि एकच वाटप वाचता येतं. म्हणून वाटपं मोजण्याऐवजी चित्रं मोजली तरी उत्तर तेच येणार.

चित्रं मोजणं सोपं आहे. पाच लाडू आणि दोन काड्या मिळून ओळीत सात जागा होतात. त्यातल्या कोणत्या दोन जागी काड्या ठेवायच्या एवढंच ठरवायचं, कारण उरलेल्या जागी लाडूच येणार. पहिल्या काडीला ७ जागा, दुसरीला ६, म्हणजे ४२. पण काड्याही सारख्याच आहेत. तिसऱ्या जागी एक आणि पाचव्या जागी दुसरी, किंवा आधी पाचव्या जागी आणि मग तिसऱ्या जागी, चित्र एकच. म्हणून प्रत्येक चित्र दोनदा मोजलं गेलं, आणि ४२ ला २ ने भागून उत्तर आलं २१.

मुलं पाच असली की काड्या चार लागतात. काड्या नेहमी मुलांपेक्षा एकने कमी, आणि बहुतेकांचं उत्तर चुकतं ते इथेच. चार काड्या एकमेकींत २४ प्रकारे अदलाबदल करता येतात (४ × ३ × २ × १), म्हणून तेव्हा भागायचं २४ ने. तेरा लाडू आणि चार काड्या मिळून १७ जागा:

१७ × १६ × १५ × १४ ÷ २४ = २३८०

कुणालाही शून्य मिळालं तरी चालत असेल, तर तेरा लाडू पाच मुलांत वाटण्याचे हे २३८० प्रकार.

ही ओळीची युक्ती भौतिकशास्त्रातही उपयोगी पडली. माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये प्रारणाच्या सिद्धांतासाठी ऊर्जेचे सारखे अंश वेगवेगळ्या आंदोलकांत किती प्रकारे वाटले जातात ते मोजलं होतं. १९१४ मध्ये पॉल एरेनफेस्ट आणि हाइके कामरलिंग ओनेस यांनी प्लांकचं सूत्र चिन्हांची एक ओळ मांडून सोप्या रीतीने सिद्ध केलं. त्यांच्या उदाहरणात ऊर्जेचे सात अंश आणि चार आंदोलक होते, म्हणजे सात लाडू, चार मुलं, तीन काड्या आणि १२० प्रकार. इंग्रजी पुस्तकांत लाडवांच्या जागी तारे काढतात, बाकी सगळं हेच.

३. आधी ठरलेला वाटा

भास्कराचार्यांच्या कोड्यात शून्य चालत नाही. प्रत्येक मुलाला निदान एक लाडू मिळालाच पाहिजे. अशा अटीला खालची मर्यादा म्हणतात: अ, ब, क, ड, इ यांपैकी कुणीही १ च्या खाली जायचं नाही.

२३८० प्रकारांतून शून्य असलेले शोधून वगळायला गेलात तर हाल होतील. कुठे एक शून्य, कुठे दोन, कुठे तीन. त्याऐवजी आधी प्रत्येकाला एकेक लाडू देऊन टाका. पाच लाडू गेले, आठ उरले. अट आता पूर्ण झाली, तिचा पुन्हा विचारच करायला नको. उरलेले आठ पाच मुलांत मोकळेपणाने वाटा, यात कुणाला शून्य आलं तरी बिघडत नाही, कारण त्याच्या हातात एक आहेच.

आठ लाडू आणि चार काड्या, एकूण १२ जागा:

१२ × ११ × १० × ९ ÷ २४ = ११८८० ÷ २४ = ४९५

लीलावतीतलं उत्तर हेच आहे. हे चालतं का, असा प्रश्न कुणाला पडेल. अट पाळणारं कोणतंही वाटप घ्या आणि प्रत्येकाकडून एक लाडू परत घ्या, तर आठ लाडवांचं एक मोकळं वाटप मिळतं. कोणत्याही मोकळ्या वाटपात प्रत्येकाला एक लाडू वाढवा, तर अट पाळणारं वाटप मिळतं. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच आहे, म्हणून दोन्हीकडची संख्या सारखी.

आता भास्कराचार्यांची कृती पाहा. ते सांगतात, अंकांच्या बेरजेतून एक वजा करा, तिथपासून एकेक उतरत जा, स्थानांपेक्षा एक कमी इतक्या पायऱ्या उतरा, त्या पायऱ्यांना १, २, ३ अशा क्रमाने भागा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. बेरीज १३, म्हणून सुरुवात १२ पासून. स्थानं पाच, म्हणून पायऱ्या चार: १२, ११, १०, ९. आणि भाजक १, २, ३, ४. आपण वर मांडलेलाच हा हिशेब आहे.

तेरातून एकच का वजा करायचा? आपण तर पाच लाडू वाटले होते. पाच वजा केले आणि चार काड्या मिळवल्या, म्हणजे निव्वळ एकच वजा झाला, आणि मुलं कितीही असली तरी हे असंच होणार. याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. तेरा लाडू ओळीत ठेवले की त्यांच्या मधे बारा फटी पडतात. एका फटीत एकच काडी आणि टोकांना काडी नाही, असं ठरवलं की प्रत्येकाला निदान एक लाडू आपोआप मिळतो. बारा फटींपैकी चार निवडायच्या, उत्तर ४९५.

ज्यांना सूत्रावर विसंबून राहावंसं वाटत नाही त्यांच्यासाठी पडताळा आहे. क्रम बाजूला ठेवून फक्त अंकांचे गट पाहिले तर ते अठराच आहेत. ९, १, १, १, १ हा एक गट. त्यातला नऊ पाच जागी ठेवता येतो, म्हणून त्याच्या पाच संख्या. ६, ३, २, १, १ या गटाच्या ६० संख्या होतात. ३, ३, ३, २, २ च्या दहा. अठराही गटांची अशी बेरीज केली की बरोबर ४९५ येते. अर्ध्या तासाचं काम आहे, पण एकदा करून पाहावं असं मी म्हणेन, कारण त्यानंतर सूत्रावर जो विश्वास बसतो तो वाचून बसत नाही.

४. प्रत्येकाचा वाटा वेगळा असेल तर

मर्यादा सगळ्यांना सारखी असायलाच हवी असं नाही. वीस लाडू आणि चार मुलं घ्या. थोरलीला किमान ५ हवेत, दुसऱ्याला किमान ३, धाकट्या दोघांबद्दल काहीच अट नाही, म्हणजे त्यांना शून्यही चालेल.

५ आणि ३ देऊन टाका. बारा उरले. बारा लाडू आणि तीन काड्या, १५ जागा. तीन काड्यांची अदलाबदल सहा प्रकारे होते:

१५ × १४ × १३ ÷ ६ = ४५५

इथे एक मोह होतो. थोरलीला जे पाच लाडू द्यायचे ते विसातून कोणते निवडायचे, याचेही प्रकार मोजून गुणावेत असं वाटतं. तसं करू नका. लाडू सारखे आहेत, म्हणून पाच देण्याचा प्रकार एकच. वाटा आधी दिल्याने प्रकार वाढत नाहीत, फक्त शिल्लक कमी होते.

दुसरी चूक शब्दांत लपलेली असते. ‘किमान ५’ आणि ‘५ पेक्षा जास्त’ यांत एका लाडवाचा फरक आहे. थोरलीला ५ पेक्षा जास्त हवे असतील तर आधी ६ द्यावे लागतील, मग ११ उरतील, आणि उत्तर १४ × १३ × १२ ÷ ६ = ३६४ होईल. दोन उत्तरांतला फरक ९१. हे ९१ कोण, तर ज्यांत थोरलीला नेमके पाच मिळाले ती वाटपं. ती स्वतंत्रपणे मोजून बघा: थोरलीला ५ देऊन विषय संपवला, दुसऱ्याला ३ दिले, उरलेले १२ तिघांत वाटले. बारा लाडू, दोन काड्या, १४ × १३ ÷ २ = ९१. उत्तराबद्दल शंका आली की असा छोटा तुकडा वेगळ्या वाटेने मोजून पाहावा, चूक असेल तर ती इथे पकडली जाते.

खालची मर्यादा ऋण असली तरी रीत बदलत नाही. अ + ब + क = ४ आणि अ हा −२ पर्यंत खाली जाऊ शकतो, ब आणि क शून्यापर्यंत. अ कडून दोन लाडू उलटे घेतल्यासारखं होतं, म्हणून शिल्लक ४ + २ = ६, आणि उत्तर ८ × ७ ÷ २ = २८. पण एखाद्या चलाला खालची मर्यादाच नसेल तर मोजणी थांबते: अ −१००० घ्या, ब १००४ घ्या, क शून्य. अशा उकलींना अंत नाही.

आणि शिल्लक काढल्यावर ती ऋण तर नाही ना, हे गुणाकाराच्या आधी पाहावं. तेरा लाडू, पाच मुलं आणि किमान वाट्यांची बेरीज १८ असेल तर शिल्लक −५ येते, म्हणजे वाटप अशक्य आणि उत्तर शून्य. तरीही कुणी डोळे मिटून कृती करत गेला तर (−१) × (−२) × (−३) × (−४) ÷ २४ असा हिशेब होतो आणि उत्तर १ येतं. दिसायला निर्दोष, आणि पूर्ण खोटं.

५. नवाची वेस

आता भास्कराचार्यांची ती अट. ते म्हणतात, ही कृती तेव्हाच वापरा जेव्हा अंकांची बेरीज ही ‘स्थानं अधिक नऊ’ यापेक्षा कमी असेल. पाच स्थानांसाठी ५ + ९ = १४, म्हणजे बेरीज १३ पर्यंतच. त्यांनी उदाहरणात नेमकी १३ च घेतली आहे, अगदी वेशीवरची.

अट का, ते लाडवांवरून लगेच कळतं. मुलाला कितीही लाडू मिळू शकतात, पण अंक नवाच्या पुढे जात नाही. बेरीज १३ असताना चौघांना एकेक दिला तर पाचव्याला जास्तीत जास्त ९ मिळतात. त्यामुळे वरची मर्यादा मोडली जाण्याचा प्रसंगच येत नाही. बेरीज १४ केली की चौघांना एकेक देऊन पाचव्याच्या वाट्याला १० येऊ शकतात, आणि दहा हा अंक नव्हे.

मग १४ साठी काय करायचं? कृतीने उत्तर येतं १३ × १२ × ११ × १० ÷ २४ = ७१५. यात ज्या वाटपांत एखाद्याला दहा किंवा जास्त मिळाले ती वजा करायची आहेत. आणि ‘दहा किंवा जास्त’ ही खालचीच मर्यादा आहे! बिघडलेली वाटपं मोजायला आपली जुनीच रीत पुरते. अ ला किमान १०, बाकी चौघांना किमान १. एकूण १४ गेले, शिल्लक शून्य, वाटप एक. असं पाचांपैकी कुणाच्याही बाबतीत घडू शकतं, म्हणून बिघडलेली वाटपं पाच. ७१५ − ५ = ७१०.

बेरीज १५ असेल तर एकूण १००१. बिघडलेल्यांत एकाला १०, बाकीच्यांना एकेक, शिल्लक १, ती पाचांपैकी कुणालाही देता येते, म्हणजे पाच प्रकार. मुलं पाच, म्हणून २५. उत्तर ९७६.

ही वजाबाकी २२ पर्यंत अशीच चालते. तेविसाला एकाच वेळी दोघांकडे दहा-दहा जाऊ शकतात: १०, १०, १, १, १. असं वाटप पहिल्याच्या नावावर एकदा आणि दुसऱ्याच्या नावावर एकदा असं दोनदा वजा होतं, म्हणून एकदा परत मिळवावं लागतं. कृतीचं उत्तर ७३१५. बिघडलेली ५ × ७१५ = ३५७५. दोघांच्या जोड्या दहा, प्रत्येक जोडीचं एक वाटप. ७३१५ − ३५७५ + १० = ३७५०.

लीलावतीत ही दुरुस्ती दिलेली नाही. हा विषय विस्ताराच्या भीतीने थोडक्यात सांगितला, असं ग्रंथकारांनीच तिथे म्हटलं आहे. पण कृती कुठपर्यंत लागू आहे ते त्यांनी अचूक सांगितलं, आणि तेही सूत्रासोबतच. सूत्र पाठ करणाऱ्यांनी ही दुसरी ओळ गाळली की १४ च्या बेरजेला ७१५ हे उत्तर ठामपणे लिहिलं जातं.

६. शून्य आत घेतला तर

शेवटी कोडं थोडं बदलू. आज ‘पाच अंकी संख्या’ म्हटलं की ४००३६ सुद्धा आपण त्यात धरतो. शून्य चालतो, फक्त पहिल्या जागी नाही. अंकांची बेरीज १३ असलेल्या अशा संख्या किती?

आता अ ची खालची मर्यादा १ आणि ब, क, ड, इ यांची ०. अ ला एक देऊन टाका, बारा उरले. बारा लाडू, चार काड्या, १६ जागा: १६ × १५ × १४ × १३ ÷ २४ = १८२०.

वेस मात्र आता ओलांडली जाते, कारण इतरांना शून्य चालत असल्यामुळे एकाकडे भरपूर जमा होऊ शकतं. अ ला किमान १० दिले तर तीन उरतात, त्यांची वाटपं ७ × ६ × ५ × ४ ÷ २४ = ३५. ब ला किमान १० दिले तर अ चा एक धरून अकरा जातात आणि दोन उरतात, त्यांची ६ × ५ × ४ × ३ ÷ २४ = १५. क, ड, इ यांचीही पंधरा-पंधरा. दोघांना दहा-दहा द्यायला तेरा लाडू पुरत नाहीत, त्यामुळे काही परत मिळवायचं नाही. बिघडलेली एकूण ३५ + ६० = ९५, आणि उत्तर १८२० − ९५ = १७२५.

पहिल्या अंकाची मर्यादा वेगळी असल्याने ३५ आणि १५ हे आकडे वेगळे आले. पाचांनाही सारखंच धरून ५ × ३५ किंवा ५ × १५ वजा करणं ही इथली नेहमीची चूक आहे. म्हणून पडताळा घेऊ. पहिल्या जागीही शून्य चालेल असं धरलं तर एकूण २३८०. त्यात कुणा एकाला दहा किंवा जास्त मिळाल्याची वाटपं प्रत्येकी ३५, पाचांची १७५, उरली २२०५. यातून पहिला अंक शून्य असलेली काढायची, म्हणजे चारच अंकांची बेरीज १३: १६ × १५ × १४ ÷ ६ = ५६०, त्यातून बिघडलेली ४ × २० = ८०, उरली ४८०. आणि २२०५ − ४८० = १७२५.